आधी कर्ज देणाऱ्याची एनओसी, मग बुकिंगचा चेक

पुण्यात माण-महाळुंगे पट्ट्यात आम्ही जो टू बीएचके बघितला, त्याची जमीन बिल्डरने आधीच गहाण टाकलेली होती. ही गोष्ट कुणी लपवली नव्हती. माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की प्रकल्पाची जमीन एका बँकेकडे गहाण असून विक्रीसाठी लागल्यास बँकेची ना-हरकत देण्यात येईल. हे वाक्य बिल्डरच्या सौजन्याने छापलेलं नसतं. प्रकल्पाला कर्ज देताना बिल्डरकडून जाहिरातीत आणि पुस्तिकेत गहाणाचा उल्लेख करून घ्यावा, अशी रिझर्व्ह बँकेची बँकांना सूचनाच आहे. म्हणून ते छापतात, आणि आपण ते पान उलटून फ्लॅटचा नकाशा बघतो.

मी त्या ओळीवर बोट ठेवलं तेव्हा सेल्स मॅनेजर हसून म्हणाला, "सर, फंडिंग नसलेला प्रोजेक्ट दाखवा मला एक. एनओसी अग्रीमेंटच्या वेळी सगळ्यांना देतो आपण. आज दहा टक्क्यांचा चेक द्या, फ्लॅट ब्लॉक करतो."

त्याचं पहिलं वाक्य खरं होतं. प्रकल्पावर कर्ज आहे एवढ्यावरून पळून जायचं कारण नाही. उलट मोठ्या बँकेने किंवा वित्तसंस्थेने पैसे देण्याआधी जमिनीचं टायटल तपासलेलं असतं, हा एक फायदाच. गोम दुसऱ्या वाक्यात होती. एनओसी अग्रीमेंटच्या वेळी आणि चेक आज, या क्रमाने ज्याचे पैसे अडकतात तो मी. फ्लॅटवर पहिला हक्क मात्र तोवर दुसऱ्याचाच राहतो.

घरी आल्यावर आमच्या वकीलबाईंना फोन केला. त्यांनी एका दमात जे सांगितलं ते असं. रेरा कायद्याच्या कलम 11(4)(h) प्रमाणे, एकदा तुमच्याशी विक्रीचा करार झाला की बिल्डर तो फ्लॅट पुढे गहाण टाकू शकत नाही, आणि टाकलाच तर त्याचा तुमच्या हक्कावर परिणाम होत नाही. "पण हे करारानंतरच्या गहाणाबद्दल आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या प्रकरणात गहाण आधीचं आहे. जमीन गहाण पडली की तिच्यावर उभं राहणारं बांधकामही त्या गहाणाखाली येतं. तुम्ही नंतर आलात, म्हणजे गहाणासकट आलात. ते गहाण तुमच्या फ्लॅटपुरतं सोडायला तयार आहे असं फक्त एकच माणूस म्हणू शकतो. ज्याच्याकडे ते आहे तो."

बिल्डरने हप्ते थकवले तर पुढे काय होतं, हेही त्यांनी सांगितलं. खातं एनपीए झालं की कर्ज देणारी संस्था सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस काढते, आणि त्यानंतर गहाण मालमत्तेचा ताबा घेऊन लिलावाकडे जाऊ शकते. अशा वेळी फ्लॅटधारकाने मोकळ्या हाताने उभं राहावं लागतं असंही नाही. राजस्थानातल्या एका प्रकरणात 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की प्रकल्प ताब्यात घेणाऱ्या बँकेविरुद्धही खरेदीदार रेराकडे दाद मागू शकतो, आणि दोन कायदे आमनेसामने आले तर रेरा वरचढ ठरतो. पण ती झाली भांडणाची सोय. एनओसी असेल तर मुळात भांडणाची वेळ येण्याची शक्यताच बरीच कमी होते.

राहिला प्रश्न बुकिंगच्या आधीच का, हा. नोंदणीकृत करार नसताना बिल्डर किमतीच्या दहा टक्क्यांपर्यंतच रक्कम घेऊ शकतो, हे कलम 13. आमच्या फ्लॅटचा रेरा कार्पेट 720 चौरस फूट आणि सणाच्या सवलतीतला दर 9,300 रुपये, म्हणजे किंमत 66,96,000 आणि बुकिंगची रक्कम 6,69,600 रुपये. तेवढी भरली की हातात पडतं अलॉटमेंट लेटर. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, नमुन्यातल्या अलॉटमेंट लेटरमध्ये बुकिंग रद्द करण्याची पायरी ठरलेली आहे: पंधरा दिवसांत रद्द केलं तर कपात नाही, सोळाव्या ते तिसाव्या दिवसात एक टक्का, एकतीस ते साठमध्ये दीड टक्का, त्यानंतर दोन टक्के, आणि हे टक्के फ्लॅटच्या पूर्ण किमतीवर. म्हणजे एनओसीची वाट बघण्यात दोन महिने गेले, ती आलीच नाही आणि मी कंटाळून बाहेर पडलो, तर बिल्डर 1,33,920 रुपये कापून घेऊ शकतो. दोष कुणाचा यावर वाद घालता येईल, पण पैसे त्याच्या खात्यात असताना. एनओसी आधी मागितली की हा सगळा हिशेबच उद्भवत नाही.

मी सेल्सला ईमेल टाकला की चेक तयार आहे, पण आमच्या फ्लॅटची एनओसी बघितल्यावरच देईन. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ आली. सोबत अंगठा.

तो कागद बिल्डरच्याच लेटरहेडवर होता. मजकूर असा, की आम्हाला सदर प्रकल्पातील सदनिका नेहमीच्या व्यवहारात विकण्यास बँकेची हरकत नाही. म्हणजे बँकेची हरकत नाही हे बिल्डर सांगत होता. मी तसं कळवल्यावर दुसरी पीडीएफ आली, ही मात्र बँकेच्या लेटरहेडवर, शिक्का आणि सहीसकट. तिच्यात विंगचं नाव होतं, मजले होते, आणि खाली तारीख 2020 सालची. फ्लॅट नंबर नव्हता, खरेदीदाराचं नाव नव्हतं, किंमत नव्हती.

जुनी आणि सरसकट, एवढीच माझी तक्रार होती. वकीलबाईंनी मात्र वेगळाच प्रश्न विचारला: "गहाण आजही याच बँकेकडे आहे, हे कशावरून?"

हे तपासायला कुणाच्या हातापाया पडावं लागत नाही. बिल्डर कंपनी असेल तर तिने मालमत्तेवर निर्माण केलेला प्रत्येक चार्ज, म्हणजे बोजा, कंपनी निबंधकाकडे CHG-1 या फॉर्मने, आणि कर्ज रोख्यांचं असेल तर CHG-9 ने, नोंदवावा लागतो आणि कर्ज फिटल्यावर CHG-4 ने तो बंद करावा लागतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर लॉगिन करून View Index of Charges मध्ये कंपनीचा सीआयएन, म्हणजे नोंदणी क्रमांक, टाकला की यादी उघडते. चार्ज कुणाच्या नावे, कधी निर्माण झाला, कधी बदलला, रक्कम किती, आणि फिटला असेल तर कधी. प्रवर्तक कंपनीचा सीआयएन तिच्या लेटरहेडवरच छापलेला असतो.

मी ती यादी काढली आणि तिथे या प्रकल्पाशी जुळणारी एकही ओळ सापडली नाही. क्षणभर वाटलं, गहाण सुटलंच की काय. पण महारेराच्या पानावर जमिनीची मालक म्हणून वेगळ्याच कंपनीचं नाव होतं, त्याच समूहातली. बिल्डर मंडळींत हे सर्रास चालतं: जमीन एका कंपनीच्या नावावर, बांधणारी दुसरी, कर्ज घेणारी कधी कधी तिसरी. चार्ज त्या कंपनीच्या यादीत दिसतो जिची मालमत्ता गहाण पडली आहे. जमीनमालक कंपनीचा सीआयएन टाकला आणि दोन ओळी समोर आल्या. पहिली 2019 सालची, पुस्तिकेत छापलेल्या बँकेच्या नावे, आणि तिच्यापुढे फेडीची तारीख 2022. दुसरी 2022 चीच, पंच्याऐंशी कोटींची, एका ट्रस्टी कंपनीच्या नावे. तिच्या फेडीचा रकाना रिकामा.

म्हणजे आम्हाला मिळालेली एनओसी खोटी नव्हती. ती खरीच होती, फक्त ज्याने दिली त्याचं आता त्या जमिनीशी काही देणंघेणं उरलं नव्हतं. बिल्डरने कर्ज दुसरीकडे हलवलं होतं. नवं कर्ज रोख्यांच्या रूपात होतं, ज्याला डिबेंचर म्हणतात. अशा कर्जात पैसे देणारा एक असतो आणि गहाण त्याच्या वतीने ट्रस्टीच्या नावे असतं. त्यामुळे ना-हरकतही ट्रस्टीच्या लेटरहेडवर यावी लागते. पैसे देणाऱ्या फंडाच्या एखाद्या अधिकाऱ्याने पत्र दिलं तरी ते पुरेसं नाही, कारण गहाण सोडायचा अधिकार ज्याच्या नावे ते आहे त्याचा.

शंभर रुपये भरून त्या कंपनीची कागदपत्रं उघडता येतात. CHG-9 ला गहाणखत जोडलेलं असतं, आणि त्याच्या परिशिष्टात गट नंबर. तिथे आणखी एक गोष्ट कळली. आमचा टप्पा महारेराकडे स्वतंत्र नोंदलेला असला तरी गहाण दोन्ही टप्प्यांच्या सलग जमिनीवर, एकत्र होतं. याचा अर्थ, पलीकडच्या टॉवरची विक्री रखडली आणि हप्ता चुकला, तर झळ आमच्याही टॉवरला. महारेराचं वेगळं प्रमाणपत्र बघून हे अजिबात लक्षात येत नाही.

काही लोक म्हणतात सातबारा बघा, इतर हक्कांत बोजा असतो. बघावाच. पण मूळ खरेदीखतं ठेवून घेऊन केलेलं गहाण सातबाऱ्यावर चढलेलं असेलच असं नाही. महाराष्ट्रात अशा गहाणाची सूचना तीस दिवसांत दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते, त्यामुळे वकिलाच्या सर्च रिपोर्टमध्ये ती यायला हवी. सरसाई नावाची केंद्रीय नोंदवहीही आहे. तिथे दहा रुपये आणि वर जीएसटी भरून मालमत्तेवरचा बोजा शोधता येतो. आमचा अनुभव असा की पत्ता ज्या पद्धतीने नोंदवलेला आहे त्याच पद्धतीने टाकला तर सापडतो. गट नंबर, गाव, तालुका उलटसुलट करून बघावं लागतं, आणि काही सापडलं नाही म्हणून बोजा नाही असं समजण्यात अर्थ नाही. बिल्डर कंपनी नसून भागीदारी संस्था असेल, तर मात्र चार्जची यादीच नसते. मग भिस्त सर्च रिपोर्ट आणि सरसाई यांच्यावरच.

ही सगळी माहिती एका ईमेलमध्ये लिहून पाठवली. या वेळी उत्तर सेल्सकडून नाही, तर बिल्डरच्या लीगल विभागाकडून आलं, आणि सूरही वेगळा होता. पुस्तिका जुनी छापलेली आहे, नव्या कर्जाची नोंद महारेराच्या पानावर अद्ययावत करायचं काम चालू आहे, आणि ट्रस्टीकडून एनओसी मागवू, पण त्यासाठी बुकिंग झालेलं असावं लागतं.

इथे त्यांचंही थोडं खरं होतं. कर्ज देणारा हवेत एनओसी देत नाही. त्याला फ्लॅट नंबर, खरेदीदाराचं नाव, केवायसी, किंमत आणि पैसे भरण्याचं वेळापत्रक लागतं. पण यातल्या कशालाही दहा टक्क्यांचा चेक लागत नाही. आम्ही अर्ज भरून दिला, त्यावर किंमत लिहिली, आणि शेवटी एक ओळ घातली की ट्रस्टीची ना-हरकत मिळाल्यावरच बुकिंगची रक्कम देय होईल. तो अर्ज त्यांनी सही करून घेतला. फ्लॅट तोवर दुसऱ्याला देणार नाही असंही ईमेलवर कबूल केलं. विकायचं असलं की लोक ऐकतात.

पुढे काही दिवस शांतता. आणि मग सेल्स मॅनेजरचा फोन आला, आवाज जरा खाली. "सर, एक छोटासा इश्यू आहे. रेटचा."

ज्या कारणासाठी मी आज प्रत्येकाला एनओसी आधी घ्या म्हणून सांगतो, ते कारण हे. कर्ज देताना संस्था बिल्डरला एक किमान विक्रीदर घालून देते, कारण तिचं कर्ज विक्रीच्या पैशांतूनच फिटायचं असतं. फ्लॅट स्वस्तात गेले तर तारणच आटतं. आमच्या प्रकल्पात तो दर कार्पेटला 9,500 होता. 720 चौरस फुटांचे होतात 68,40,000. आम्हाला कबूल केलेली किंमत होती 66,96,000. सणाची सवलत विक्री विभागाने जाहीर केली होती, आणि कर्जाच्या अटी वित्त विभागाच्या कपाटात होत्या. 1,44,000 रुपयांचा फरक असल्यामुळे ट्रस्टीने एनओसी नाकारली होती.

आता कल्पना करा की मी दहा टक्के देऊन बसलो असतो. अलॉटमेंट लेटर हातात, गृहकर्जाचा अर्ज चालू, आणि एनओसी येत नाही. का येत नाही हे मला कुणी सांगितलं नसतं. "प्रोसेसमध्ये आहे सर" एवढंच ऐकू आलं असतं.

मॅनेजरने तोडगाही आणला होता. करार 68,40,000 चा करायचा, ट्रस्टीला तोच आकडा दाखवायचा, आणि 1,44,000 ची क्रेडिट नोट बिल्डर आम्हाला देणार, म्हणजे शेवटच्या हप्त्यातून वळते. ऐकायला बिनधोक. पण एनओसीच्या मसुद्यातली अट त्याने नीट वाचलेली नसावी. तिच्यात होतं की ठरलेली संपूर्ण किंमत नमूद खात्यात जमा झाल्यावरच या फ्लॅटवरचा चार्ज सुटेल. संपूर्ण किंमत म्हणजे पत्रात लिहिलेली 68,40,000. मी 66,96,000 भरून मोकळा झालो असतो, बिल्डरने माझं खातं निरंक दाखवलं असतं, आणि ट्रस्टीच्या वहीत 1,44,000 बाकी राहिले असते. एवढ्याशा रकमेवरून अख्खा फ्लॅट गहाणातच राहिला असता. शिवाय नसलेल्या पैशांवर मुद्रांक शुल्क भरायचं आणि गृहकर्जाच्या बँकेला फुगवलेली किंमत दाखवायची, हे वेगळंच. आम्ही नाही म्हटलं. एक तर किंमत हीच ठेवून ट्रस्टीकडून विशेष परवानगी आणा, नाहीतर अर्ज रद्द समजा. आमच्याकडून एक रुपयाही गेलेला नसल्यामुळे हे म्हणताना छातीत धडधड झाली नाही.

परवानगी आली. अशा सवलती कर्ज देणाऱ्या संस्था देतात, फक्त बिल्डरला त्यांच्यापुढे जाऊन कारण सांगावं लागतं आणि ते त्याला नको असतं. बदल्यात एक अट लागली की कराराची नोंदणी झाल्यावर पंधरा दिवसांत एकूण तीस टक्के रक्कम खात्यात यावी. मूळ वेळापत्रकही साधारण तसंच होतं, त्यामुळे आम्हाला त्यात त्रास नव्हता.

मसुदा हातात आला तेव्हा वकीलबाईंनी लाल पेन काढलं. दोन बदल त्यांनी हट्टाने करून घेतले, आणि दोन्ही मला कधी सुचले नसते.

पहिला, जमिनीतला हिस्सा. मसुद्यात फक्त फ्लॅट क्रमांकावरचा चार्ज सोडण्याचं लिहिलं होतं. फ्लॅट मोकळा आणि त्याखालची जमीन गहाण, हे कागदावर शक्य आहे, आणि उद्या सोसायटीच्या नावे जमीन करून घेताना, म्हणजे कन्व्हेयन्सच्या वेळी, तेच आडवं येतं. म्हणून वाक्य असं झालं: सदनिका, तिला जोडलेलं पार्किंग, आणि जमीन व सामाईक क्षेत्रातला तिचा अविभक्त हिस्सा.

दुसरा, टीडीएस. पन्नास लाख किंवा त्यावरच्या घराच्या खरेदीत एक टक्का कर खरेदीदाराने कापून सरकारकडे भरायचा असतो. आमच्या बाबतीत एकूण 66,960 रुपये. ते बिल्डरच्या खात्यात जाणारच नाहीत. मग 'संपूर्ण किंमत खात्यात जमा' ही अट मी शब्दशः कधीच पूर्ण करू शकत नाही. तिथे 'कायद्याने कापलेला टीडीएस वजा जाता' हे शब्द आले. ट्रस्टीने कुरकूर केली नाही. बहुधा आधी कुणी मागितलंच नव्हतं.

खात्याचा क्रमांक हा वेगळाच घोळ होता. जुलै 2024 पासून महारेराने प्रकल्पाला तीन खाती ठेवायला सांगितली आहेत. खरेदीदाराचे सगळे पैसे आधी संकलन खात्यात येतात, तिथून सत्तर टक्के जमीन आणि बांधकामाच्या स्वतंत्र खात्यात आणि उरलेले व्यवहार खात्यात जातात. एनओसीत दिलेला क्रमांक आणि बिल्डरच्या बुकिंग फॉर्मवर छापलेला क्रमांक वेगळे निघाले, कारण फॉर्म जुन्या बँकेच्या काळातला होता. त्या जुन्या खात्यात चेक गेला असता तर बिल्डरला पैसे मिळालेच असते, पण एनओसीच्या दृष्टीने ते भरलेच नाहीत असं झालं असतं. आम्ही लीगलकडून लेखी घेतलं की एनओसीतलं खातं हेच महारेराकडे नोंदवलेलं संकलन खातं आहे, आणि तोच क्रमांक अलॉटमेंट लेटरमध्ये आणि करारात घालून घेतला.

शेवटी आलेलं पत्र दीड पानी होतं. ट्रस्टीच्या लेटरहेडवर, आमच्या दोघांच्या नावासह, फ्लॅट, मजला, विंग, कार्पेट, किंमत, खातं, आणि मुदत साठ दिवस. साठ दिवसांत करार नोंदला नाही तर पत्र रद्द. ते खरं आहे का, हे ट्रस्टीच्या संकेतस्थळावर दिलेल्या पत्त्यावर ईमेल करून विचारलं, बिल्डरने दिलेल्या नंबरवर नाही. दुसऱ्या दिवशी होकार आला. मग बुकिंगचा चेक दिला.

गृहकर्ज देणाऱ्या बँकेने पहिल्याच भेटीत तीच एनओसी मागितली. हा प्रकल्प त्यांच्या मंजूर यादीत होता, तरीही. मंजूर यादीचा अर्थ प्रकल्पाची कागदपत्रं त्यांनी एकदा बघितली आहेत एवढाच. त्यांना आमच्या फ्लॅटवर स्वतःचा पहिला हक्क हवा असतो, आणि तिथे ट्रस्टी आधीच बसलेला असेल तर बँक पैसे सोडत नाही. मागच्या टेबलावरचं एक जोडपं नेमकं याच कागदासाठी थांबलं होतं. त्यांचं बुकिंग झालेलं होतं.

कर्जाच्या मंजुरीला वेळ लागला आणि साठ दिवस संपत आले, तेव्हा मुदतवाढ मागून घेतली. ती मुदत संपायच्या आत मागितली तर साध्या पत्रावर मिळते. नोंदणीच्या दिवशी एनओसी करारात जोडपत्र म्हणून लावली आणि मजकुरात गहाणाचा उल्लेख नव्या ट्रस्टीच्या नावाने दुरुस्त करून घेतला. छापील मसुद्यात तोवर जुनी बँकच होती.

आता प्रत्येक हप्ता भरला की पावती बिल्डरच्या ॲपवर येते. ती मी ट्रस्टीला ईमेलने पाठवतो, फ्लॅट नंबर आणि एनओसीचा क्रमांक घालून, आणि सोबत टीडीएसचं चलन. ते उत्तर देतातच असं नाही. शेवटचा हप्ता ताब्याच्या वेळचा आहे, आणि करारात लिहून घेतलंय की तो भरल्यावर बिल्डर तीस दिवसांत ट्रस्टीकडून आमच्या फ्लॅटचं चार्ज सुटल्याचं पत्र आणून देईल. चार्जच्या यादीतली पंच्याऐंशी कोटींची ओळ तेव्हाही तशीच दिसेल, कारण ती बिल्डरचं सगळं कर्ज फिटल्यावरच बंद होते. आमच्यापुरतं ते पत्र पुरे.